राज्यपाल आणि विधेयकं: कात्रणांपासून एका पानाच्या टिपणापर्यंत

१ डिसेंबर २०२५

जीएस-२ च्या फाइलमधला 'राज्यपाल' हा कप्पा आता पंच केलेल्या कात्रणांनी फुगला आहे. २०२३ पासूनची सगळी कात्रणं त्यात तारखेप्रमाणे लावलेली आहेत. तारखेचा क्रम कात्रणं गोळा करताना सोयीचा असतो, उत्तर लिहिताना नसतो. यूपीएससी मुख्य परीक्षेत 'नोव्हेंबर २०२३ मध्ये काय झालं' असा प्रश्न येत नाही. २०२२ च्या पेपरमध्ये राज्यपालांच्या कायदेविषयक अधिकाराच्या वापरासाठी आवश्यक अटी विचारल्या होत्या आणि वटहुकूम विधिमंडळापुढे न ठेवता पुन्हा पुन्हा काढणं कायदेशीर आहे का, हे विचारलं होतं. म्हणजे प्रश्नाला धागा संविधानाच्या कलमाचा असतो, बातमी त्यावर टांगलेली असते. टिपणाची रचनाही तशीच हवी.

अभ्यासिकेतल्या आमच्या गटाने या कप्प्याचं काम माझ्याकडे दिलं आहे. मी सगळा कप्पा एकदम हातात घेणार नाही. आधी एकच विषय घेते: विधानमंडळाने मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे गेल्यावर काय होतं, आणि ते तिथे अडलं तर काय. २० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने यावर मत दिलं. त्यामुळे एप्रिलपासूनची निम्मी कात्रणं आता जशीच्या तशी वापरता येणार नाहीत. ती कोणती, हे ठरवणं हेच या टिपणाचं खरं काम आहे.

३ डिसेंबर

आज फक्त छाननी केली. प्रत्येक कात्रण वाचून वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक अक्षर टाकलं. 'घ' म्हणजे घटना, 'न' म्हणजे न्यायालयाचा निकाल, 'य' म्हणजे युक्तिवाद: अग्रलेख, माजी न्यायमूर्तींचे लेख, मंत्र्यांची विधानं. अक्षराशेजारी कलमाचा आकडा. कलमाचा आकडा टाकता येत नसेल तर ते कात्रण या टिपणाचं नाही, एवढी एकच चाळणी लावली.

या चाळणीतून बरंच बाहेर पडलं. राज्यपालांच्या अभिभाषणावरचे वाद कलम १७६ चे. विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नेमणुकांवरून झालेल्या कुरबुरी तर राज्याच्या विद्यापीठ कायद्यातून येतात, त्या संविधानाच्या कलमातून येतच नाहीत. महाराष्ट्रातलं विधान परिषदेच्या बारा जागांचं प्रकरणही बाजूला काढलं. मंत्रिमंडळाने २०२० मध्ये पाठवलेल्या नावांवर राज्यपालांनी वाजवी वेळात निर्णय घ्यायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं होतं. विलंबाचं दुखणं तेच आहे, पण कलम १७१ चं. ते 'राज्यपाल आणि नेमणुका' या पानावर जाईल, या पानावर फक्त 'पाहा' अशी खूण राहील.

गटातल्या ताईचं म्हणणं होतं की 'य' ची कात्रणं सरळ टाकून द्यावीत, उत्तरात मतं कोण विचारतं. मला ते पटत नाही. 'टीकात्मक परीक्षण करा' असं विचारलं की दोन्ही बाजू लागतात, आणि बाजू नेमक्या शब्दांत मांडायला असेच लेख उपयोगी पडतात. मात्र एका बाजूचा एकच चांगला मुद्दा ठेवायचा. एकच मुद्दा चार लेखांत चार तऱ्हेने आला असेल तर तीन कात्रणं रद्दीत.

६ डिसेंबर

टिपणाचा वरचा भाग आज शाईने लिहिला. शाईने ते, जे बदलत नाही. पेन्सिलने ते, जे पुढच्या निकालात बदलू शकतं.

कलम २०० चा गाभा असा. विधेयक राज्यपालांकडे आलं की त्यांनी अनुमती द्यावी, अनुमती रोखावी किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवावं. पहिलं परंतुक सांगतं की धन विधेयक नसेल तर राज्यपाल ते संदेशासह 'शक्य तितक्या लवकर' परत पाठवू शकतात; विधिमंडळाने ते सुधारणेसह किंवा सुधारणेविना पुन्हा मंजूर केलं, तर अनुमती रोखता येत नाही. दुसरं परंतुक: उच्च न्यायालयाचं संविधानातलं स्थान धोक्यात आणेल अशा तऱ्हेने त्याचे अधिकार कमी करणारं विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलंच पाहिजे. त्यापुढे काय, हे कलम २०१ मध्ये आहे. राष्ट्रपतींनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायला सांगितलं तर सभागृहाला सहा महिन्यांची मुदत आहे, राष्ट्रपतींच्या स्वतःच्या निर्णयाला मात्र संविधानात मुदत लिहिलेली नाही.

सगळा वाद दोन फटींतून आला आहे. एक, 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती दिवस? दोन, मुख्य कलमातला 'अनुमती रोखणं' हा स्वतंत्र पर्याय आहे, की तो पहिल्या परंतुकाशी बांधलेला आहे? तो स्वतंत्र असेल तर राज्यपाल विधेयक परत न पाठवता तिथेच संपवू शकतात. बांधलेला असेल तर रोखलं की परत पाठवणं भागच आहे. पुढची सगळी न्यायालयीन कात्रणं या दोन प्रश्नांची उत्तरं आहेत. म्हणून टिपणाचे दोन स्तंभ हेच ठेवले: 'मुदत' आणि 'रोखणं'. पुंछी आयोगाने राज्यपालांच्या निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत सुचवली होती, तीही 'मुदत' स्तंभात शाईने गेली, कारण शिफारस ही शिफारसच राहते.

९ डिसेंबर

आज तमिळनाडू प्रकरण. यात कात्रणं सर्वांत जास्त आणि गोंधळही सर्वांत जास्त, म्हणून आधी एका ओळीत घटनाक्रम लावला. १३ नोव्हेंबर २०२३ ला राज्यपालांनी दहा विधेयकांची अनुमती रोखली. १८ नोव्हेंबरला विधानसभेने विशेष अधिवेशनात ती दहाही पुन्हा मंजूर केली. २८ नोव्हेंबरला राज्यपालांनी ती राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली.

हा क्रम इतका बारकाईने का? कारण कायद्याचा प्रश्न नेमका १८ आणि २८ तारखेच्या मध्ये आहे. पुन्हा मंजूर होऊन आलेलं विधेयक राखून ठेवता येतं का, हा तो प्रश्न. 'राज्यपाल-सरकार संघर्ष' एवढंच लिहून ठेवलं तर प्रश्न दिसतच नाही, आणि उत्तरात पहिल्या ओळीपासून राजकारण शिरतं.

८ एप्रिल २०२५ ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पेन्सिलने लिहिलेलं असं: दुसऱ्या फेरीत राखून ठेवणं अवैध; कलम १४२ खालच्या अधिकारात ती दहा विधेयकं अनुमती मिळालेली मानली; राज्यपालांसाठी मुदती घातल्या, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने रोखायचं किंवा राखायचं असेल तर एक महिना, सल्ल्याविरुद्ध असेल तर तीन महिने, पुन्हा मंजूर होऊन आलेल्यासाठी एक महिना; राष्ट्रपतींसाठी तीन महिने. राष्ट्रपतींसाठीचा तीन महिन्यांचा आकडा न्यायालयाने आपल्या मनाने काढला नव्हता. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या परिपत्रकातही अशा विधेयकांसाठी तीन महिनेच होते. ही एक ओळ मी मुद्दाम ठेवली आहे. 'न्यायालयाने संविधानात भर घातली' या टीकेचा परामर्श घेताना ती कामी येते.

१३ डिसेंबर

नोव्हेंबरचं मत टिपणात आणण्याआधी त्या आठवड्यातली कात्रणं टेबलावर पसरली. एकाच निर्णयाबद्दल दोन परस्परविरोधी मथळे समोर होते. एका गटाच्या मथळ्यांचा आशय होता, राज्यपालांना मुदतीचं बंधन नाही. दुसऱ्या गटाचा, राज्यपाल विधेयकं अडवून ठेवू शकत नाहीत. अभ्यासिकेत यावरून थोडी वादावादी झाली, 'निकाल नक्की कोणाच्या बाजूने?' दोन्ही मथळे खरे आहेत. पहिला माझ्या 'मुदत' स्तंभाचा आहे, दुसरा 'रोखणं' स्तंभाचा. स्तंभ आधी आखलेले असल्यामुळे हे दिसायला वेळ लागला नाही.

मग बातम्या बाजूला ठेवून मूळ मताचा निष्कर्षाचा भाग वाचला. मोठ्या निकालाची पानं शेकड्यात असली तरी निष्कर्ष शेवटी सलग दिलेले असतात. टिपणासाठी तेवढे मुळातून वाचलेच पाहिजेत, कारण बातमीत 'न्यायालय म्हणालं' या शब्दांखाली कधी सुनावणीतला तोंडी शेरा येतो, कधी वकिलाचा युक्तिवाद. आमच्यातल्या वकिली केलेल्या दादाने ही खूण सांगितली: कात्रणात 'सुनावणीदरम्यान' असा शब्द दिसला की 'न' खोडून 'घ' करायचा. उत्तरपत्रिकेत तोंडी शेरा निकाल म्हणून गेला तर मुद्दा चुकतोच, शिवाय तपासणाऱ्याचा पुढच्या ओळींवरचा विश्वासही जातो.

मताचा तपशील. राष्ट्रपतींनी १३ मे २०२५ ला कलम १४३(१) खाली चौदा प्रश्न पाठवले होते. सरन्यायाधीश गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० नोव्हेंबरला उत्तरं दिली. 'मुदत' स्तंभात: संविधानात मुदत नसताना न्यायालय राज्यपालांवर किंवा राष्ट्रपतींवर ठरावीक मुदत लादू शकत नाही, 'मानीव अनुमती' ही कल्पना संविधानाला धरून नाही, कलम १४२ वापरूनही ती देता येत नाही. 'रोखणं' स्तंभात: राज्यपालांपुढे तीन वाटा आहेत, अनुमती, राष्ट्रपतींसाठी राखणं, किंवा रोखून संदेशासह परत पाठवणं, नुसतं रोखून धरणं ही चौथी वाट नाही. या वाटांमधून निवड करताना मात्र त्यांना विवेकाधिकार आहे. दीर्घ आणि कारण न दिलेला विलंब झाला तर न्यायालय वाजवी वेळात निर्णय घ्या एवढा मर्यादित आदेश देऊ शकतं, निर्णय कोणता घ्यावा हे सांगू शकत नाही.

आता एप्रिलच्या पेन्सिलच्या ओळींचं काय करायचं? खोडरबर वापरलं नाही. 'एक महिना, तीन महिने' आणि 'कलम १४२' या ओळींवर एकच आडवी रेघ मारून शेजारी '२०.११.२५' लिहिलं. प्रश्नकर्ता हा प्रवासच विचारू शकतो, आणि तेव्हा एप्रिलमध्ये काय होतं आणि नोव्हेंबरमध्ये काय उरलं, हे एकाच पानावर दिसायला हवं. बाजारात मिळणाऱ्या वार्षिक चालू घडामोडींच्या पुस्तकांमधला मोठा धोका इथेच आहे. मे-जूनमध्ये छापलेल्या पुस्तकात एप्रिलच्या मुदती ठळक अक्षरांत असणार, आणि ते पुस्तक पुढच्या मुख्य परीक्षेपर्यंत टेबलावर राहणार. अशा प्रत्येक ओळीपुढे 'कोणत्या तारखेपर्यंतची' हे आपल्या हाताने लिहिणं हाच उपाय आहे.

१६ डिसेंबर

आज तीन निर्णय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले: पंजाब (१० नोव्हेंबर २०२३), तमिळनाडू (८ एप्रिल २०२५) आणि सल्लागार मत (२० नोव्हेंबर २०२५). मुदतीबद्दल एप्रिल आणि नोव्हेंबर उलट बोलतात. राज्यपालांच्या विवेकाधिकाराबद्दलही उलट बोलतात: एप्रिलमध्ये भर मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर होता, नोव्हेंबरमध्ये निवडीची मोकळीक मान्य झाली. पण 'रोखलं तर परत पाठवा' हे पंजाब प्रकरणात सांगितलं गेलं, ते तिन्ही ठिकाणी टिकलं. म्हणजे सहाव्या तारखेच्या नोंदीतल्या दुसऱ्या फटीचं उत्तर आता पक्कं झालं आहे. ही ओळ पेन्सिलवरून शाईवर नेली. या सगळ्या कामातून हाती लागलेली सर्वांत मोलाची ओळ हीच, आणि ती कोणत्याही एका कात्रणात नव्हती. सुटी कात्रणं वाचली तर प्रत्येक वेळी न्यायालयाने आधीचं सगळं मोडून नवं सांगितलं असं वाटतं.

दादाने एक दुरुस्ती सुचवली आणि ती लगेच केली. 'नोव्हेंबरमध्ये एप्रिलचा निकाल रद्द झाला' असं लिहायचं नाही. कलम १४३ खाली न्यायालय मत देतं, ते आधीच्या निकालावरचं अपील नसतं. कावेरी पाणीवाटपाच्या संदर्भात आणि २०१२ च्या नैसर्गिक संसाधनांच्या संदर्भातही न्यायालयाने ही सीमा स्पष्ट केली होती: कायद्याचा अर्थ स्पष्ट करता येतो, पक्षकारांमधला निकाल फिरवता येत नाही. म्हणून टिपणात 'मुदत आणि मानीव अनुमती यांबद्दलची भूमिका घटनापीठाने नाकारली' असं लिहिलं. 'रद्द' आणि 'नाकारली' यांत उत्तरपत्रिकेवर अर्ध्या गुणाचा फरक पडेल की नाही ते माहीत नाही, कायद्यात मात्र फार मोठा आहे.

१९ डिसेंबर

उदाहरणांचा कोपरा. तमिळनाडू, पंजाब, केरळ ही नावं सगळेच लिहितील. महाराष्ट्रातलं एक उदाहरण हवं होतं, आणि ते वेगळ्या कारणासाठी हवं होतं. सगळी कात्रणं वाचून असा ग्रह होतो की राष्ट्रपतींसाठी विधेयक राखून ठेवणं म्हणजे नेहमी अडवणूकच. तसं नाही.

महाराष्ट्राचं शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं आणि ते राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी गेलं. त्यात महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी शिक्षा आणि तपासाच्या तरतुदी बदलायच्या होत्या. फौजदारी कायदा आणि प्रक्रिया समवर्ती सूचीत येतात. तिथे राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची अनुमती घेतल्यावरच तो त्या राज्यात टिकतो. म्हणजे हे राखणं राज्याच्याच गरजेचं होतं. त्या काळात भारतीय दंड संहिताच जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे ज्या कायद्यात दुरुस्ती करायची होती तो कायदाच उरला नाही. विलंबाची किंमत काय असते, हे सांगायलाही हे उदाहरण चालतं, कुणावर आरोप न करता.

'राखणं' या शब्दापुढे आता दोन बाण आहेत: एक कलम २५४(२) कडे, 'राज्याच्या सोयीचं', आणि एक तमिळनाडूकडे, 'वादग्रस्त'. केरळचं कात्रण वगळलं. ते नवीन काही सांगत नव्हतं.

२३ डिसेंबर

टिपण चाचणीला लावलं. ताईने प्रश्न काढला: 'राज्य विधेयकांना अनुमती देण्याबाबत राज्यपालांच्या अधिकाराची व्याप्ती अलीकडच्या न्यायालयीन निर्णयांच्या संदर्भात तपासा.' पंधरा गुण, २५० शब्द. कात्रणांचा कप्पा बंद, समोर फक्त ते एक पान, आणि ते तीन मिनिटं वाचून बाजूला ठेवायचं. पानावर शेवटी उरलेला मजकूर असा:

'क. २००: अनुमती / रोखून परत / राष्ट्रपतींसाठी राखणं. धन विधेयक परत नाही. पुन्हा मंजूर तर रोखता येत नाही. दोन फटी: मुदत? नुसतं रोखणं? — रोखलं तर परत पाठवा: पंजाब २३, तमिळनाडू २५, मत २५ (तिन्हीत टिकलं). — मुदत: एप्रिल २५ एक/तीन महिने, क. १४२ (नाकारलं, २०.११.२५), आता वाजवी वेळ, मर्यादित आदेश. — बाजू: मुदत नसल्याने निवडून आलेल्या सभागृहाची इच्छा टांगणीला × न्यायालयाने मुदत घातली तर अधिकारविभागणीला धक्का. — राखणं: २५४(२), शक्ती × तमिळनाडू. — पुंछी: सहा महिने. — मार्ग: मुदत घालायची तर संविधान दुरुस्तीने.'

उत्तरं वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्यांनी सुरुवात तमिळनाडूच्या घटनाक्रमाने केली त्यांचे ऐंशी-नव्वद शब्द तिथेच संपले आणि नोव्हेंबरचं मत शेवटच्या दोन ओळींत कोंबलं गेलं. ज्यांनी दोन फटींनी सुरुवात केली त्यांचं उत्तर आपोआप 'तपासा' या शब्दाला धरून चाललं. म्हणून पानावरची मांडणी बदलली: घटनाक्रम मागच्या बाजूला, दोन फटी पुढच्या बाजूला, चौकटीत. आणि शेवटची 'मार्ग' ही ओळ अपुरी पडते आहे. संविधान दुरुस्ती म्हटलं की कलम ३६८ खाली कोणत्या बहुमताने, आणि त्याला निम्म्या राज्यांची मान्यता लागेल का, हा पुढचा प्रश्न येतो. कलम २०० सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. राज्यांच्या मान्यतेची अट ज्या तरतुदींना लागते त्यांची यादी कलम ३६८(२) मध्येच आहे, आणि तिथे सहाव्या भागातलं पाचवं प्रकरण आहे, तिसरं नाही. ही ओळ उद्या पानाच्या तळाशी शाईने जाईल. त्यानंतर पुढचा कप्पा: वटहुकूम, कलम २१३.